व्याज अनुदान कर्ज खात्यात आलं, पण आकडा जुळत नाही: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधल्या व्याज अनुदानाबद्दल हे लिहिलं आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून मंजूर होऊन वाटप झालेल्या गृहकर्जांना ते लागू आहे. या योजनेत अनुदान एकदम मिळत नाही. ते पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्ज खात्यात जमा होतं, त्यामुळे तीच तक्रार दरवर्षी नव्याने उभी राहते. गोंधळ नको म्हणून खाली सरकारकडून येणाऱ्या रकमेला ‘अनुदानाचा हप्ता’ म्हटलं आहे आणि आपण दरमहा भरतो त्याला ‘ईएमआय’.

तक्रारी साधारण अशा येतात:

- अनुदान सुटल्याचा मेसेज आला, पण पासबुकात काहीच नाही.
- रक्कम जमा झाली, पण ईएमआय तेवढाच कापला जातोय.
- ३६,००० येतील असं ऐकलं होतं, आले कमी. किंवा दोन लाख सदुसष्ट हजारांची वाट पाहिली आणि आले छत्तीस हजार.
- पहिली दोन-तीन वर्षं हप्ता आला, मग थांबला.
- आधी जमा झाला आणि नंतर तीच रक्कम खात्यातून परत गेली.

यातल्या बहुतेकांचं उत्तर घरी बसून, खातेउतारा समोर ठेवून मिळतं. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी दिल्या आहेत आणि कागद गोळा करायला लावणाऱ्या नंतर.

पहिली तपासणी: आपली योजना कोणती?

कर्जाचं मंजुरीपत्र काढा आणि तारीख बघा. दोन लाख सदुसष्ट हजार हा आकडा जुन्या योजनेतला आहे. त्यात अल्प उत्पन्न गटाला ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर ६.५ टक्के दराने अनुदान होतं, ते एकरकमी जमा व्हायचं आणि त्याची कमाल मर्यादा २,६७,२८० रुपये होती. ती योजना मध्यम गटासाठी मार्च २०२१ ला आणि अल्प उत्पन्न गटासाठी मार्च २०२२ ला संपली. नव्या योजनेत कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १२ वर्षांच्या मुदतीवर हिशोब होतो. एकूण मर्यादा १ लाख ८० हजार, म्हणजे पाच वर्षं दरवर्षी ३६,००० रुपये. बिल्डरच्या कार्यालयातलं जुनं पत्रक वाचून घर घेतलेल्यांची निम्मी तक्रार इथेच संपते.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. जुन्या योजनेत उत्पन्न गट बदलला की दर आणि रक्कम बदलायची. नव्या योजनेत वार्षिक ३ लाख, ६ लाख आणि ९ लाखांपर्यंतचे तीन गट असले तरी व्याज अनुदानाचा दर तिघांनाही सारखाच आहे. त्यामुळे ‘मला चुकीच्या गटात टाकलं म्हणून रक्कम कमी आली’ असं होत नाही. इथे महत्त्वाची रेषा ९ लाखांची.

दुसरी तपासणी: उतारा बचत खात्याचा नको, कर्ज खात्याचा हवा

अनुदान कर्ज खात्यात जातं, बचत खात्यात नाही. पासबुक कितीही वेळा छापून आणलं तरी ती नोंद त्यात दिसणार नाही. बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून कर्ज खात्याचा पूर्ण उतारा घ्या, कर्ज सुरू झाल्यापासून आजपर्यंतचा. फक्त शेवटच्या तीन महिन्यांचा घेतला तर जमा आणि परत गेलेली अशा दोन्ही नोंदी निसटू शकतात.

उताऱ्यात एक मोठी जमा शोधायची. वर्णनात योजनेचं किंवा अनुदानाचं नाव असतं, नाहीतर रकमेवरून ओळखा. तिथे तीन गोष्टी बघा: जमा तारीख, रक्कम, आणि त्या ओळीनंतर शिल्लक मुद्दल तेवढ्याच रकमेने खाली आलं का. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मागचा ईएमआय थकलेला असेल, दंडव्याज किंवा बाउन्स झालेल्या ईएमआयचा आकार बाकी असेल, तर आलेली रक्कम आधी तिकडे वळवली गेलेली दिसू शकते. मग ३६,००० जमा दिसतात, पण मुद्दल ३१,००० नेच उतरतं. असं दिसलं तर प्रत्येक वळवलेल्या रुपयाचा खुलासा लेखी मागा. थकबाकी खरी असेल तर ती आधी भरून टाका, कारण तिचा परिणाम पुढे पात्रतेवरही होतो.

तिसरी तपासणी: व्याजाच्या नोंदीवरून पडताळा

मुद्दल खरंच उतरलं की नुसती कागदावर नोंद झाली, हे सांगणारा सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे पुढच्या महिन्याचं व्याज. एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत तेच चालवू.

परभणीतल्या एका कुटुंबाचं कर्ज ८ लाख रुपये, व्याजदर ८.५ टक्के, मुदत १२ वर्षं म्हणजे १४४ महिने. ईएमआय सुमारे ८,८८० रुपये. बारा ईएमआय भरल्यावर शिल्लक मुद्दल सुमारे ७,५९,९०० राहतं. तेव्हा अनुदानाचा पहिला हप्ता ३६,००० जमा झाला, तर सुधारित मुद्दल ७,२३,९०० व्हायला हवं.

आता व्याज. ७,५९,९०० वर एका महिन्याचं व्याज ५,३८३ रुपये. ७,२३,९०० वर ५,१२८. फरक २५५ रुपयांचा. हा फरक कर्ज कितीही असलं तरी तेवढाच येतो, कारण तो फक्त ३६,००० × ८.५ टक्के ÷ १२ आहे. तुमचा दर वेगळा असेल तर तो टाकून काढा. उताऱ्यात व्याज एवढं कमी झालेलं दिसलं म्हणजे मुद्दल खरोखर उतरलंय.

दोन ठिकाणी फसगत होते. बँक रोजच्या शिल्लकेवर व्याज लावत असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात फरक सुमारे २५२ आणि ३१ दिवसांच्या महिन्यात २६० येतो. ती चूक नाही. दुसरं, रक्कम महिन्याच्या मधेच जमा झाली तर त्या महिन्यात अर्धाच फरक दिसेल, म्हणून त्याच्या पुढचा पूर्ण महिना धरा. आणि त्याच काळात व्याजदर बदलला असेल तर जुन्या व्याजाशी तुलना करू नका. सुधारित मुद्दल गुणिले नवा दर भागिले बारा, असं थेट काढून ताडा.

चौथी तपासणी: ईएमआय का उतरला नाही?

इथे बहुतेक वेळा कुणाचीच चूक नसते. मुद्दल एकदम कमी झालं की बँकेपुढे दोन वाटा असतात. ईएमआय तोच ठेवून मुदत कमी करायची, किंवा मुदत तीच ठेवून ईएमआय नव्याने काढायचा. खातेदाराने काही कळवलं नाही, तर संगणक प्रणाली अनेकदा ईएमआय तसाच ठेवते आणि कर्ज लवकर संपतं. लोकांना वाटतं अनुदान बुडालं, प्रत्यक्षात ते मुदतीत गेलेलं असतं.

स्प्रेडशीटमध्ये दोन्ही आकडे असे काढता येतात:

```
=PMT(8.5%/12,132,-723896)
=NPER(8.5%/12,-8880,723896)
```

पहिल्या सूत्राने नवा ईएमआय सुमारे ८,४६० येतो, म्हणजे ४२० रुपयांनी कमी. दुसऱ्याने उरलेले महिने १३२ ऐवजी सुमारे १२२ येतात, म्हणजे कर्ज दहा महिने आधी संपेल. बँकेकडून नवं परतफेड वेळापत्रक मागवा. त्यात या दोनपैकी एक आकडा सापडला तर हिशोब बरोबर आहे. ईएमआय ८,८८० आणि उरलेले महिनेही १३२ असे दोन्ही जुनेच दिसले, तर वेळापत्रक सुधारलेलं नाही आणि तिथे तक्रार रास्त आहे.

आता यातली खरी मेख. सहसा ‘मुदत कमी करा, व्याज वाचेल’ असा सल्ला दिला जातो आणि एरवी तो योग्यच आहे. पण या योजनेत एक अट आहे: प्रत्येक अनुदानाचा हप्ता सुटताना कर्ज चालू हवं आणि मुद्दलाच्या ५० टक्क्यांहून जास्त रक्कम शिल्लक हवी. आपल्या परभणीच्या उदाहरणात ही रेषा ४ लाखांवर आहे. दरवर्षी ३६,००० जमा होत गेले, तर हप्ता येण्याच्या आदल्या दिवशी शिल्लक किती असेल ते बघा:

| वर्ष | ईएमआय दरवेळी कमी केला | ईएमआय तोच ठेवला |
|---|---|---|
| १ | ७,५९,९०० | ७,५९,९०० |
| २ | ६,८२,३०० | ६,७७,१०० |
| ३ | ६,०३,४०० | ५,८६,९०० |
| ४ | ५,२३,६०० | ४,८८,८०० |
| ५ | ४,४३,१०० | ३,८२,००० |

उजव्या रांगेत पाचव्या वर्षी शिल्लक ४ लाखांच्या खाली गेली. एकही रुपया जादा न भरता, केवळ ईएमआय तसाच ठेवल्याने, शेवटचे ३६,००० अडचणीत आले. डाव्या रांगेत तेच कर्ज रेषेच्या वर राहतं. अटीच्या शब्दांत मुद्दल ईएमआयने उतरलं की अनुदानाने, असा भेद नाही, म्हणून सावधपणे हेच धरून चाला. १२ वर्षं किंवा त्याहून कमी मुदतीच्या कर्जात पाचवा हप्ता मिळेपर्यंत ईएमआय कमी करून घेणं हिताचं, नंतर हवा तेवढा वाढवा. कर्ज २० वर्षांचं असेल तर ही काळजी नाही. ८ लाखांचं तसं कर्ज ईएमआय तोच ठेवला तरी पाचव्या वर्षी सव्वापाच लाखांच्या आसपास उरतं.

पाचवी तपासणी: मधेच एकरकमी भरणा झाला का?

हप्ता दोन-तीन वर्षांनी थांबला, तर सगळ्यात आधी हे पाहायचं. सोयाबीन-कापसाचे पैसे आले, फंड निघाला, शेताचा तुकडा विकला, आणि ‘डोक्यावरचं कर्ज कमी करू’ म्हणून रक्कम भरली, असं मराठवाड्यात हमखास होतं. वरच्या उदाहरणात तिसऱ्या हप्त्याच्या थोडं आधी अडीच लाख भरले, तर शिल्लक साडेतीन लाखांच्या आसपास येते आणि तिसरा, चौथा, पाचवा असे तिन्ही हप्ते, म्हणजे १,०८,००० रुपये हातचे जातात. अडीच लाखांवर वर्षाला वाचणारं व्याज साधारण २१,००० असतं, तर त्याच वर्षी हुकलेला हप्ता ३६,००० चा. भरायचेच असतील तर पाचव्या हप्त्याच्या वेळीही शिल्लक रेषेच्या वर किमान वीस-पंचवीस हजार राहील एवढेच भरा, उरलेले मुदत ठेवीत ठेवा आणि पाचवा हप्ता पडला की एकदम भरून टाका.

५० टक्के कशाचे, मंजूर रकमेचे की प्रत्यक्ष उचललेल्या, हे तुमच्या बँकेकडून आधीच लेखी घ्या. १० लाख मंजूर करून ८ लाखच उचलले असतील, तर रेषा ५ लाखांवर की ४ लाखांवर यात मोठा फरक पडतो.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं असेल तर जुनं खातं बंद झालेलं असतं. अनुदानाचा दावा त्या खात्याशी बांधलेला असतो, म्हणून अर्धा टक्का कमी व्याजासाठी हलवण्याआधी उरलेल्या हप्त्यांचं काय होईल हे दोन्ही बँकांकडून कागदावर घ्या.

सहावी तपासणी: रक्कम कमी का आली?

८ लाखांहून कमी कर्ज असेल तर अनुदान त्याच प्रमाणात घटतं. १२ वर्षांसाठी ६ लाख असतील तर वर्षाला साधारण २७,००० येणं बरोबर आहे. मुदत १२ वर्षांहून कमी असेल तरी घटतं, कारण अनुदान व्याजावर आहे आणि व्याज भरण्याचे महिनेच कमी. उलट कर्ज २० लाख किंवा मुदत २० वर्षं असली तरी हिशोब ८ लाख आणि १२ वर्षांवरच थांबतो. बँकेने दावा पाठवताना कोणती रक्कम आणि किती महिने भरले, एवढं विचारा. बांधकामाच्या टप्प्यांनी कर्ज उचललं असेल तर तेव्हापर्यंतच वाटप झालेली रक्कम दाव्यात गेलेली असू शकते.

सातवी तपासणी: पात्रतेचे कागद

ही शेवटी ठेवली, कारण यात कागद जमवावे लागतात, आणि रक्कम परत गेली असेल तर कारण बहुधा इथेच सापडतं. pmaymis.gov.in वर अर्जाची स्थिती बघा. तिथे त्रुटी नोंदलेली असेल तर तिथूनच सुरुवात करा.

घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, चटई क्षेत्र १२० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे १,२९१ चौरस फूट. करारनाम्यात बिल्टअप क्षेत्र लिहिलेलं असेल आणि तेच अर्जात चटई क्षेत्राच्या रकान्यात गेलं असेल, तर पात्र घरही मर्यादेबाहेर दिसतं. मंजूर नकाशावरून चटई क्षेत्राचा दाखला घेऊन दुरुस्ती मागा.

देशात कुठेही पक्कं घर नसावं, ही अट आपल्याकडे सर्वांत जास्त अडवते. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. गावाकडचं घर वडिलांच्या नावावर असेल आणि तुम्ही विवाहित असाल, तर ते तुमच्या कुटुंबाचं धरलं जात नाही. पण वडील गेल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ ला वारस म्हणून तुमचं नाव लागलेलं असेल, तर प्रश्न उपस्थित होतो. तो उतारा आधी स्वतः काढून बघा. माती-दगडाचं, पडकं घर असेल तर तसा ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. पत्नीच्या माहेरकडच्या वारसनोंदीही बघा, त्या विसरल्या जातात.

गेल्या २० वर्षांत केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. रमाई, शबरी किंवा जुन्या इंदिरा आवासमधून पती-पत्नीपैकी एकाच्या नावावर घरकुल असेल, तर हरकत खरी आहे. तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल तर मात्र रेशन कार्ड एकत्र असल्यानेही घोळ होतो, तिथे वेगळं कुटुंब असल्याचे कागद द्या.

ही योजना शहरी आहे. शहराला लागून असलेला पण ग्रामपंचायत हद्दीतला प्लॉट असेल, तर तो अधिसूचित नागरी किंवा नियोजन क्षेत्रात येतो का ते विचारा. पत्ता ‘परभणी’ असला म्हणून जागा महापालिकेत असतेच असं नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

चौथ्या तपासणीपर्यंतची चूक सापडली तर ती बँकेने सुधारायची असते. शाखेत गृहकर्ज विभागाला अर्ज द्या: जमा तारीख, रक्कम, अपेक्षित सुधारित मुद्दल, प्रत्यक्ष मुद्दल, आणि व्याजातला फरक, एवढ्या पाच ओळी पुरतात. पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर बँकेसाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार होते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे जाते.

पात्रतेवरून नकार असेल तर शाखाधिकाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही. निर्णय त्याच्या हातात नसतो, तो फक्त कागद पुढे पाठवतो. नकाराचं कारण लेखी मिळवा आणि त्याच कारणाला उत्तर देणारा कागद द्या.

जमा झालेलं अनुदान वसूल करण्याची नोटीस आली, किंवा वारसा हक्कातल्या घरातला तुमचा हिस्सा हाच वादाचा मुद्दा असेल, तर स्वतः उत्तर लिहू नका. नोटीस आणि मालमत्तेचे उतारे घेऊन दिवाणी कामं पाहणाऱ्या वकिलाकडे जा. तुमचा आणि बँकेचा शिल्लक मुद्दलाचा आकडा दोन-तीन वेळा पत्रव्यवहार करूनही जुळत नसेल, तर चार्टर्ड अकाउंटंटकडून पूर्ण कर्ज खात्याची फेरआकारणी करून घ्या आणि ती तक्रारीला जोडा. ‘टक्केवारी द्या, हप्ता सोडवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला आधार आणि ओटीपी देऊ नका.

आणि यातलं काहीही चालू असलं तरी ईएमआय थांबवू नका. वादाच्या रागात दोन-तीन ईएमआय बुडवले आणि खातं थकीत झालं, तर कर्ज ‘चालू’ असण्याची अटच मोडते.